सही आमची, यादी त्यांची : ग्रामसभेची शिडी कितव्या पायरीवर अडलीय?

आज भाताचं, राबाचं, करप्याचं काही नाही. दिवाळीच्या आत जी एक गोष्ट करायला हवी तिच्याबद्दल लिहितोय. थोडं लांब झालंय, पण बैठकीला जायच्या आधी वाचा.

आपल्याकडे शहापुरात म्हणा की मुरबाडात म्हणा, एक वाक्य दरवर्षी ऐकायला मिळतं. "लोकच येत नाहीत ग्रामसभेला, आम्ही काय करणार?" हे वाक्य सरपंच म्हणतो, ग्रामसेवक म्हणतो, पंचायत समितीतून आलेला साहेब म्हणतो आणि आता तर आपलीच शिकलेली पोरं म्हणायला लागलीत. मग उपाय काय, तर प्रबोधन. बॅनर लावा, पथनाट्य करा, शाळेच्या मुलांची फेरी काढा.

माझं म्हणणं उलट आहे. लोक येत नाहीत कारण लोकांना हिशेब कळतो. एक दिवसाची मजुरी बुडवून जिथे जायचं तिथे आपल्या बोलण्याने काय बदलणार, हे कातकरवाडीतल्या अंगठा उठवणाऱ्या म्हातारीलाही बरोबर माहीत असतं. काहीच बदलणार नसेल तर ती घरी बसते. ही अडाणीपणाची खूण नव्हे, व्यवहाराची आहे.

हे नीट मोजायला एक जुनं माप आहे. शेरी आर्नस्टीन नावाची अमेरिकन बाई होती. सरकारच्या शहरसुधार योजनांमध्ये काम केलेली. "लोकसहभाग" या शब्दाखाली काय काय खपवलं जातं ते तिने बघितलं आणि 1969 साली एक लेख लिहिला. त्यात तिने आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खालची पायरी म्हणजे लोकांना नुसतं वापरून घेणं: समितीत नाव घालायचं, सही घ्यायची, काम आपलं करायचं. दुसरी म्हणजे लोकांनाच आजारी समजून त्यांच्यावर उपचार करणं. या दोन पायऱ्यांना ती सहभाग मानतच नाही. तिसरी माहिती देणं, चौथी मत विचारणं, पाचवी एखाददुसरी मागणी मान्य करून लोकांना शांत करणं. या तिन्हीला ती दिखाऊ सहभाग म्हणते. कारण ऐकून घेतलं तरी ऐकलेलं पाळायचं बंधन वरच्यावर नसतं. खरी सत्ता सहाव्या पायरीपासून सुरू होते. सहावी भागीदारी, सातवी सोपवलेला अधिकार, आठवी लोकांचा पूर्ण ताबा.

आता वरच्या "प्रबोधना"कडे परत बघा. गावाला पाणी मिळत नाही, निधी कुठे गेला ते कळत नाही आणि इलाज कोणावर, तर गावावर. ही सरळ दुसरी पायरी आहे.

आपली ग्रामसभा कितव्या पायरीवर आहे? कागदावर बघाल तर खूप वर. "आमचं गाव, आमचा विकास" या नावाने पंचायतीचा वार्षिक आराखडा करायचा असतो. त्याआधी शिवारफेरी, गावफेरी, महिला सभा, मग ग्रामसभा आणि ग्रामसभेने मंजूर केलेलाच आराखडा संगणकावर चढवायचा. नियम वाचला तर वाटतं गाव मालक आहे. प्रत्यक्षात आराखडा कसा होतो ते तुम्हालाही माहीत आहे. कामांची यादी आधी तयार असते. कोणतं काम कोणी "आणलं" हेही ठरलेलं असतं. सभेत यादी भराभर वाचतात, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. मग प्रोसिडिंग बुक फिरतं आणि आपण सह्या करतो. लोक कमी पडले तर सभा तहकूब आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे तुम्ही आलात तरी मंजूर, नाही आलात तरी मंजूर.

चांगल्या पंचायतीत हे तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असतं, वाईट पंचायतीत पहिल्या. पण सगळीकडे सांगतात मात्र, की ग्रामसभा सर्वोच्च आहे. माझा राग या सांगण्यावर आहे. खालच्या पायरीवर उभं करून "तू माळ्यावर पोचलास" असं सांगितलं, की वर चढायचं राहून जातं आणि काम बिघडलं तर दोषही आपल्याच सहीवर येतो.

आता पैशाचं बघू. खरी पायरी पैशात कळते.

समजण्यासाठी मनातली एक पंचायत धरू. गावठाणात 900 माणसं, एक कातकरवाडी 300 माणसांची आणि बाकी तीन पाडे मिळून 800. एकूण 2000. वित्त आयोगाचे वर्षाला 10 लाख आले असं धरू. 15 व्या वित्त आयोगाने पहिल्या वर्षानंतर नियम असा ठेवला होता, की 60 टक्के पैसा बंधित, म्हणजे निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित. म्हणजे 3 लाख पाण्याला, 3 लाख स्वच्छतेला आणि 4 लाख गावाच्या मर्जीचे. हा भाग दिल्लीत ठरला, त्यात आपला आवाज शून्य.

इथे पंचायतीत एक वाक्य हमखास येतं. "अहो, पैसा बंधित आहे, आमच्या हातात काही नाही." हे अर्धं खरं आहे. पाण्यावर खर्च करायचा हे बंधन वरून आलं. पण तो पाण्याचा पैसा गावठाणातल्या टाकीला रंग द्यायला लावायचा, की कातकरवाडीच्या विहिरीचा गाळ काढून कठडा बांधायला, हे दिल्लीने ठरवलेलं नाही. ते इथेच ठरतं, आणि जिथे ठरतं तिथे आपण नसतो.

आता दुसरी तऱ्हा बघा. ब्राझीलमध्ये पोर्तो आलेग्री नावाचं मोठं शहर आहे. तिथे 1989 पासून लोकांनी शहराच्या अंदाजपत्रकातल्या कामांवर निर्णय घ्यायची पद्धत सुरू झाली. पुढे जगभर "सहभागी अंदाजपत्रक" म्हणून तिची नक्कल झाली. शहराचे 16 विभाग केले. प्रत्येक विभागात उघडी सभा. त्या सभेत आधी पालिकेने मागच्या वर्षाचा हिशेब द्यायचा, काय ठरलं होतं, काय झालं, काय राहिलं. मग लोकांनी नव्या कामांचा क्रम लावायचा आणि आपले प्रतिनिधी निवडायचे. जिथून जास्त माणसं सभेला आली तिथले प्रतिनिधी जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विभागांमध्ये पैसा वाटायचं सूत्र आधीच जाहीर: लोकसंख्या किती, सोय किती कमी आहे आणि लोकांनी त्या कामाला कितवा क्रम दिलाय. या तीन गोष्टींना गुण द्यायचे आणि गुणांप्रमाणे वाटणी. झोपडवस्तीतली बाई सभेला यायला लागली, कारण तिच्या येण्याने आकडा हलत होता.

तेच सूत्र आपल्या मनातल्या पंचायतीच्या 3 लाख पाण्याच्या पैशाला लावून बघू. सोपं करायला फक्त लोकसंख्या आणि गरज धरू. नुसत्या लोकसंख्येवर वाटले तर माणशी 150 रुपये, म्हणजे गावठाणाला 1 लाख 35 हजार, कातकरवाडीला 45 हजार, तीन पाड्यांना 1 लाख 20 हजार. आता गरजेचे गुण द्या. गावठाणात नळ आहे, गुण 1. पाड्यांवर हापसा आहे पण मार्चनंतर कोरडा, गुण 2. कातकरवाडीतल्या बाया किलोमीटरभरावरून डोक्यावर पाणी आणतात, गुण 3. माणसं गुणिले गुण केलं, की गावठाण 900, पाडे 1600, कातकरवाडी 900. बेरीज 3400. या हिशेबाने गावठाणाला सुमारे 79 हजार, कातकरवाडीलाही सुमारे 79 हजार आणि पाड्यांना सुमारे 1 लाख 41 हजार. 45 हजारांत विहिरीचं जे काम अर्धवट राहिलं असतं ते 79 हजारांत पुरं व्हायची शक्यता तरी आहे.

यात गुण किती द्यायचे यावर भांडण होणारच, होऊ द्या. कातकरवाडीला 3 का, आम्हाला 1 का, हे भांडण सभेत उघड झालं की ती खरी ग्रामसभा. एकच पाळायचं, सूत्र आधी ठरवायचं आणि कामांची यादी नंतर घ्यायची. यादी आधी आली, की प्रत्येक जण आपल्या कामाला सोयीचं सूत्र शोधतो.

"एवढं लांब कशाला, आपल्या पुण्यात आहे की", असं कोणी म्हणेल. आहे. पुणे महापालिकेने 2006 च्या सुमारास नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवायला सुरुवात केली. दरवर्षी फॉर्म भरायचा, आपल्या प्रभागातलं छोटं काम सुचवायचं, पदपथ, दिवे, बसथांबा, बाकडी असलं. सुरुवात चांगली होती, नाकारत नाही. पण फॉर्म दिल्यावर पुढे काय? कोणतं काम होण्यासारखं आहे ते अभियंता ठरवतो, कोणतं घ्यायचं ते प्रभाग पातळीवर ठरतं. सुचवणारा त्या खोलीत नसतो. पूर्ण अंदाजपत्रकाच्या मानाने रक्कमही किरकोळ. आर्नस्टीनच्या मापाने ही चौथी पायरी, फार तर पाचवी. नाव दोन्हीकडे "सहभागी अंदाजपत्रक", पण पुण्यात माणूस सूचना देतो आणि पोर्तो आलेग्रीत माणूस क्रम लावत होता. नावाला भुलायचं नाही ते एवढ्यासाठी.

आणि "होता" म्हटलं तेही मुद्दाम. पोर्तो आलेग्रीत ज्या पक्षाने ही पद्धत आणली तो 2004 ला हरला. नंतरच्यांनी ती एकदम बंद केली नाही, हळूहळू पोकळ केली. सभा होत राहिल्या, कामं रखडत गेली आणि 2017 ला प्रक्रिया थांबवली. कोणाच्या मर्जीने चढलेली पायरी त्याच्याच मर्जीने खाली येते. म्हणून पायरीला कायद्याचा खिळा लागतो.

तो खिळा आपल्याकडे आहे, हेच मला आज सांगायचंय. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडची काही गावंही येतात. म्हणजे इथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे. (मुरबाडमधल्या बाकी गावांनी आपलं गाव यादीत आहे का ते आधी बघावं. नसेल तर त्यांना पुढचं लागू नाही, पण हिशेब मागायचा हक्क त्यांनाही आहे.)

या कायद्यात तीन गोष्टी आहेत. एक, गाव म्हणजे महसुली गाव नव्हे. जी वस्ती, जो पाडा आपला कारभार आपल्या रीतीने चालवतो तो गाव आणि अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा. महाराष्ट्राच्या 2014 च्या नियमांत पाड्याने ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून जाहीर व्हायची वाट दिलेली आहे, तो ठराव प्रांताकडे जातो. दोन, विकासाची योजना पंचायतीने अंमलात आणायच्या आधी ग्रामसभेची मंजुरी. तीन, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे, पंचायतीने पैसा खर्च केल्यावर त्याच्या विनियोगाचा दाखला ग्रामसभेकडून घ्यायचा.

शिवाय 2015 पासून राज्य सरकार आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी पेसा पंचायतींना थेट देतं. तो पाडे-गावांत लोकसंख्येप्रमाणे वाटायचा, ग्रामसभा कोषात ठेवायचा आणि ग्रामसभेने ठरवलेल्या कामांवरच खर्चायचा. हे आपल्या दारातलं सहभागी अंदाजपत्रक आहे. कागदावर सातवी पायरी.

मग प्रत्यक्षात ती घसरते कुठे? माझ्या बघण्यात तीन जागा आहेत.

पहिली जागा तारखेची. आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते आणि पक्की यादी होईपर्यंत दिवाळी उलटून जाते. दिवाळी झाली की आमच्याकडची कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, थेट पावसाच्या तोंडावर परत. म्हणजे 26 जानेवारीच्या ग्रामसभेला ती नाहीत, 1 मेच्या ग्रामसभेला नाहीत, आणि यादी पक्की होते तेव्हाही नाहीत. ज्यांचा पाणीप्रश्न सगळ्यात मोठा ते माणसं मोजताना आहेत आणि पैसा वाटताना गावाबाहेर. यावर प्रबोधनाचा बॅनर लावून काय होणार? पाड्याची बैठक दिवाळीच्या आत घ्या, सूत्र आणि क्रम तिथेच लिहून घ्या, हा खरा उपाय. त्याला एक रुपया लागत नाही.

दुसरी जागा ठरावाच्या शब्दांची. "पेसा गावांमध्ये पाणीपुरवठा दुरुस्ती करणे" असा ठराव असेल तर तो कोरा चेक समजा. कोणता पाडा, कोणती विहीर, किती मीटर, किती रुपये हे लिहिलं नसेल तर काम पुढे कुठेही फिरतं. एका पंचायतीत, नाव घेत नाही, पाड्याच्या नावाने मंजूर झालेला सिमेंट बंधारा मी स्वतः दुसऱ्याच शिवारात बघितलाय. कागदावर चूक काहीच नव्हती, कारण ठरावात जागाच लिहिली नव्हती.

तिसरी जागा दाखल्याची. काम संपल्यावर विनियोगाचा दाखला मागच्या दाराने होतो, कोणा दोघा-तिघांच्या सह्यांवर. तो सभेसमोर वाचला जातो का? आपल्या विहिरीचा कठडा दोन फुटांचा झाला की तीनचा, हे सांगायला अभियंता लागत नाही. मापाचं पुस्तक मागा, टेप घेऊन चार बाया आणि दोन पोरं विहिरीवर जा, मोजा, मग सभेत ठरवा दाखला द्यायचा की नाही. सुरुवातीची मंजुरी देताना सगळे गोड बोलतात. शेवटचा दाखला अडला की मग मात्र सगळे पाड्यावर येतात. सत्ता तिथे आहे.

पायरी ओळखायची खूणही हीच. ग्रामसभेचं "नाही" चालतं का, एवढं बघा. मुरबाडच्या काळू धरणाचं आठवा. धरण मुंबई परिसराच्या पाण्यासाठी, बुडणार आमचं जंगल आणि गावं. वनखात्याची परवानगी पुरी होण्याआधीच 2011 ला काम सुरू झालं. 2012 ला ते थांबलं ते उच्च न्यायालयात गेल्यावर. गावांचं म्हणणं ऐकायला न्यायालयापर्यंत जावं लागत असेल, तर त्या गावांची ग्रामसभा सर्वोच्च होती असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

दुसऱ्या बाजूचा एक आक्षेप खरा आहे आणि तो झटकून चालणार नाही. पूर्ण ताबा गावाकडे दिला म्हणजे न्याय झाला असं नाही. "गाव" म्हणजे कोण? गावठाणातले चार जमीनवाले, की पाड्यावरचे भूमिहीन? आर्नस्टीननेही लिहून ठेवलंय, की तिची शिडी सोपी करून मांडलेली आहे, वंचित लोकही एकजिनसी नसतात. आठव्या पायरीवर गावठाण चढून बसलं आणि कातकरवाडी पहिल्याच पायरीवर राहिली, असं सहज होतं. म्हणूनच पाड्याची वेगळी सभा, आधी ठरलेलं सूत्र आणि लिहिलेली जागा यांवर मी एवढा जोर देतोय. साहेबांकडून सुटलेली सत्ता वाटेत पाटलाकडे अडू नये.

आणि "लोकांच्या हातात पैसा दिला तर लोक मंदिराचा मंडप बांधतील" असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारायचंय, की गावोगावी गल्लीत जे पेव्हर ब्लॉक बसलेत ते कोणी मागितले होते? मे महिन्यात हंडा घेऊन उतरणीवरून चालणाऱ्या कोणत्या बाईने पेव्हर ब्लॉक मागितला?

तर या वर्षी तीनच गोष्टी करू. दिवाळीच्या आत पाड्याची बैठक घेऊन सूत्र आणि क्रम लिहून ठेवायचा. ग्रामसभेत नवीन यादी उघडायच्या आधी मागच्या वर्षाचा हिशेब, काम आणि जागेसकट, वाचून मागायचा. आणि कोषाच्या कामाचा दाखला मोजमाप केल्याशिवाय द्यायचा नाही. प्रोसिडिंग बुक समोर आलं, की सहीच्या वरचा मजकूर आधी वाचा. कोरी जागा असेल तर पेन खाली ठेवा.